आवडत्या फळांचा स्तंभालेख: पाचवीच्या वर्गातल्या कामाच्या नोंदी

आमची जिल्हा परिषदेची शाळा, तासगाव तालुका. पाचवीचा पट ३४. पोरांना चित्रालेख येतो, म्हणजे एका चित्राला अमुक मुलं असं दिलेलं वाचता येतं. त्यापुढे स्तंभालेख स्वतः काढायला आणि वाचायला शिकवायचं होतं. पुस्तकातली तयार माहिती घेतली की पोरं आकडे उतरवून खांब रंगवतात आणि विचार कशाचाच करत नाहीत, हा दरवर्षीचा अनुभव. म्हणून माहितीही त्यांचीच घ्यायची ठरवली. कुणाला हेच करायचं असेल तर कुठे वेळ जातो ते आधी कळावं, म्हणून लिहून ठेवते.

३ फेब्रुवारी

हजर ३२. फळ्यावर फळांची नावं लिहिली आणि एकेका फळाला हात वर करायला लावले. आंबा १५, द्राक्षे १०, कलिंगड ७, पेरू ५, डाळिंब ३, पपई ०. बेरीज ४०. मुलं ३२ आणि मतं ४०.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. आंब्याला हात वर केलेली पोरं द्राक्षालाही हात वर करत होती. "दोन्हीबी आवडत्यात की बाई," हे त्यांचं म्हणणं आणि ते चूक नाही. शिवाय पुढच्या बाकावरच्या दोघांचे हात ज्या बाजूला जात होते त्या बाजूला मागची अर्धी रांग जात होती. हात वर करून घेतलेली माहिती आलेखासाठी टाकाऊ आहे. ते आकडे फळ्यावरून पुसले, पण बेरीज ४० एवढं एका कोपऱ्यात राहू दिलं. पुढे उपयोगी पडलं.

४ फेब्रुवारी

चिठ्ठ्या. वहीच्या कागदाचे सारखे तुकडे, त्यावर नाव लिहायचं नाही, आणि प्रश्न फळ्यावर शब्दशः लिहिलेला: "तुला सर्वांत जास्त आवडणारे एकच फळ कोणते?" चिठ्ठ्या ३२, डबा एक. कालचीच ३२ पोरं हजर होती, तेवढं बरं झालं.

चिठ्ठ्या उघडल्यावर खरं काम सुरू झालं. आंबा ७, हापूस ३, कैरी १. द्राक्षे ५, सोनाका १, माणिक चमन १, बेदाणे १. कलिंगड ५, पेरू ४, डाळिंब २, पपई १. आणि ऊस १.

द्राक्षाच्या बागेत वाढलेल्या पोराला 'द्राक्ष' एवढंच लिहिणं पुरेसं वाटत नाही, तो जातच लिहिणार. पण असे तुकडे तसेच ठेवले तर बारा खांब होतात आणि त्यातले सहा एकेक उंचीचे. त्यातून वर्गाला काय आवडतं ते दिसत नाही. मी उत्तर दिलं नाही, पोरांनाच गट पाडायला लावले. हापूस आंब्यात लगेच गेला. कैरीवर थोडी कुरकुर झाली. बेदाण्यावर मात्र जोरात वाद. एक गट म्हणे बेदाणा वेगळाच, तो दुकानात मिळतो. दुसरा म्हणे आमच्या शेडवर द्राक्षंच वाळत घालतात, मग वेगळा कसा? शेवटी द्राक्षातच घेतला. उसावर एकमत पटकन झालं: आपण उसाचं खोड खातो, फळ नव्हे. ज्याची चिठ्ठी होती त्याने पुन्हा गुपचूप चिठ्ठी टाकावी असं सांगितलं. नवी चिठ्ठी डाळिंबाची निघाली.

पक्की यादी: आंबा ११, द्राक्षे ८, कलिंगड ५, पेरू ४, डाळिंब ३, पपई १. बेरीज ३२. कोपऱ्यातल्या ४० शी ताडून बघायला सांगितलं. मुलं जेवढी तेवढीच मतं, हे पोरांना इथे पटलं.

काल पपईला एकही हात नव्हता आणि आज एक चिठ्ठी आहे, हे दोघातिघांच्या लक्षात आलं. कोण ते विचारायला लागले, तेवढं थांबवावं लागलं.

सगळा तास गट पाडण्यातच गेला. मला तो वाया गेला असं वाटत नाही, पण ज्यांच्याकडे दोनच तास आहेत त्यांनी प्रश्नाखाली "जात लिहू नका, फळाचं नाव लिहा" अशी ओळ टाकावी.

५ फेब्रुवारी

चिठ्ठ्या पुन्हा डब्यात टाकल्या, एकेक वाचली आणि चारचारच्या गटांना ताळ्याच्या खुणा करायला लावल्या. यात फार वेळ जाऊ नये अशी अपेक्षा होती. आठ गटांपैकी एका गटाची बेरीज ३० आली.

त्यांची पाटी नीट बघितली. त्यांनी पाच उभ्या रेघा मारून मग सहावी तिरपी मारली होती आणि त्या जुडीला पाचच मोजलं होतं. म्हणून आंब्याच्या ११ खुणांचे १० झाले आणि द्राक्षाच्या ८ चे ७. कलिंगडापासून खालची सगळी फळं बरोबर, कारण तिथे सहाव्या खुणेची वेळच आली नव्हती. बेरीज कमी आली आणि घोळ फक्त पाचाच्या वरच्या फळांत असला, तर आधी जुडी बघावी. चार उभ्या आणि पाचवी त्यांच्यावरून आडवी, म्हणजे हाताची चार बोटं आणि वरून अंगठा, असं करून दाखवलं. पुन्हा मोजल्यावर ३२ आले.

६ फेब्रुवारी

कागदावर जाण्याआधी हाताने खांब रचून घ्यायचे होते. घरून प्रत्येकी एक रिकामी काडेपेटी आणायला सांगितली होती. खर्च शून्य. व्हरांड्यात खडूने एक आडवी रेघ ओढली, खाली फळांची नावं लिहिली, आणि ज्याचं जे फळ त्यावर त्याने पेटी रचायची. मतं गुप्त ठेवायची होती, म्हणून पेट्या गोळा करून यादीप्रमाणे मीच वाटल्या.

गोंधळ पेट्यांचाच झाला. निम्म्या घरांतून साध्या छोट्या पेट्या आल्या आणि काही घरांतून स्वयंपाकघरातल्या जाड, मोठ्या. पेरूवर नेमक्या चारही मोठ्या पडल्या. पेरूचा मनोरा कलिंगडाच्या पाच छोट्या पेट्यांपेक्षा उंच दिसायला लागला. मी काही बोलले नाही. विचारलं, "कलिंगड जास्त जणांना आवडतं की पेरू?" बऱ्याच जणांनी मनोरे बघून पेरू सांगितलं. मग एकजण म्हणाला, "पर यादीत कलिंगड पाच हाय." सगळे मोजायला धावले.

मोठ्या पेट्या काढून टाकायच्या हे त्यांनीच ठरवलं. छोट्या पेट्या कमी पडल्या, म्हणून शेवटी सगळ्या पेट्या बाजूला ठेवून खडूचे डबे आणि मग सारख्या वह्या वापरल्या. वह्या घसरतात. हे पुन्हा करायचं तर एकाच मापाच्या ३२ पेट्या आधी जमवून ठेवेन, नाहीतर जाड पुठ्ठ्याचे सारखे तुकडे कापून घेईन. तरी पेरूचा तो खोटा मनोरा दिसायला हवाच होता, असं आता वाटतं. "आलेखातलं प्रत्येक घर सारखं" हे वाक्य दहा वेळा सांगून जे होत नाही ते त्याने केलं.

९ फेब्रुवारी

कागदावरचा पहिला आलेख. गणिताच्या वहीतल्या चौकटी बारीक असतात, त्यात नंतर अर्ध्या घराची भानगड दिसणार नाही म्हणून एक सेंटिमीटरच्या घरांचा कागद करून ४० झेरॉक्स काढल्या. ८० रुपये. दुकानात प्रत काढताना कागद किंचित लहान होऊन आला. घर जेमतेम साडेनऊ मिलिमीटरचं. मला वाटलं, काय फरक पडतो? पडतो. चारपाच पोरांनी घरं न मोजता पट्टी लावून ११ सेंटिमीटर मोजले आणि आंब्याचा खांब साडेअकरा घरांजवळ जाऊन थांबला. पट्टीने फक्त रेघ ओढायची, उंची घरांनीच मोजायची, असं फळ्यावर लिहून टाकलं.

पण आजचा मुख्य घोळ तो नव्हे.

आडवी रेघ, त्यावर फळं. उभी रेघ, तिच्यावर आकडे. एवढं सांगून काढायला दिलं आणि फेऱ्या मारत बघत राहिले. जवळजवळ निम्म्या पोरांनी उभ्या रेघेच्या अगदी तळाशी, जिथे दोन्ही रेघा मिळतात तिथे, १ लिहिला. वरच्या रेघेला २, त्याच्या वर ३. मोजायला एकपासूनच सुरुवात करायची असते, ही त्यांची सवय. मग आंब्याचा खांब ११ च्या रेघेपर्यंत नेला. दिसायला अगदी सुबक. आकडा वाचला तर ११ च. बेरीज केली तर ३२ च. तपासायला गेलं तर काहीच चुकलेलं दिसत नाही.

चूक पपईने पकडली. एक मुलगी कागद घेऊन आली, "बाई, पपईचा खांबच न्हाई की!" तिने १ च्या रेघेपर्यंत खांब न्यायचा म्हटलं, तर १ ची रेघ म्हणजे तळच. खांबाला उंचीच उरली नाही. कुणी तिथे नुसती जाड रेघ मारली होती, कुणी पपई गाळलीच होती, आणि एकाने आपल्या मनाने एक घर रंगवून ते २ पर्यंत नेलं होतं.

सगळ्यांना थांबवलं. तिचा कागद फळ्यावर डकवला आणि आंब्याच्या खांबातली घरं मोजायला लावली. १०. द्राक्षाची ७, पेरूची ३. पेरूला ४ मतं आणि द्राक्षाला ८, म्हणजे द्राक्षाचा खांब पेरूच्या बरोबर दुप्पट दिसायला हवा. इथे ३ घरं आणि ७ घरं, दुपटीपेक्षा जास्त. प्रत्येक खांबातून एकेक घर गेलं आहे. मोठ्या खांबाला ते कळत नाही, लहानाला कळतं आणि एकाच्या खांबाचा तर जीवच जातो.

"तळाला काय लिहायचं?" विचारल्यावर काहींनी 'काही नको' सांगितलं. मग विचारलं, सीताफळ यादीत घातलं असतं तर त्याचा खांब कुठे संपला असता? एकही मत नाही, म्हणजे तळावरच. तिथला आकडा शून्य. काडेपेट्यांच्या वेळीही खडूच्या रेघेवर पेटी नव्हती, पहिली पेटी तिच्या वर बसली होती, हे त्यांनीच आठवून सांगितलं.

दुसरा प्रकार वेगळा होता. सहासात पोरांनी आकडे रेघांवर न लिहिता घरांच्या समोर, दोन रेघांच्या मध्ये लिहिले होते. खालच्या घराला १, त्यावरच्याला २. त्यांचे खांब बरोबर आले, कारण एक घर म्हणजे एक मूल असताना घर मोजलं काय आणि रेघ वाचली काय, सारखंच. त्यांना आज दुरुस्त केलं नाही. ते पुढे अडणार हे दिसत होतं आणि अडल्यावर समजावणं सोपं जातं.

याशिवाय किरकोळ: एकाने आंब्याचा खांब तीन घरं रुंद काढला, "सगळ्यांत मोठा हाय म्हणून." रुंदी सारखी, मधली जागा सारखी, उंचीच फक्त बोलते.

१० फेब्रुवारी

कालचे कागद पुन्हा काढून घेतले. तळाला शून्य लिहायचं आणि पपईचा खांब सगळ्यांत आधी काढायचा, एवढी एकच अट घातली. लहान खांब आधी काढला की तळाची चूक लगेच दिसते. आंब्यापासून सुरुवात केली तर ती शेवटपर्यंत लपून राहते. आज दोघेच अडकले.

शीर्षक, दोन्ही रेघांची नावं आणि प्रमाण लिहून घेतलं. प्रमाण: १ घर = १ मूल. हे कशाला लिहायचं, असं विचारलं गेलं. उद्याचं काम त्याचंच होतं, म्हणून उत्तर दिलं नाही.

११ फेब्रुवारी

तीच माहिती, पण प्रमाण १ घर = २ मुले. निमित्त असं की भिंतीवर लावायचा तक्ता लहान होता.

घरांसमोर आकडे लिहिणारी पोरं इथे अडली. खालच्या घराला २, वरच्याला ४, त्याच्या वर ६. आता कलिंगडाचे ५ कुठे? ४ च्या घराच्या वर आणि ६ च्या घराच्या खाली, पण त्या दोन घरांच्या मध्ये तर नुसती रेघ. त्यातल्या एकाने ती रेघच ५ मानली आणि खांब तिथे संपवला. तिथपर्यंत दोन घरं होतात, म्हणजे ४ मुलं. एक मत गळालं.

आकडे रेघांवर आणले. तळाची रेघ ०, पहिली २, दुसरी ४, तिसरी ६. आता ५ म्हणजे ४ आणि ६ या रेघांच्या बरोबर मध्ये, अडीच घरं. पपईचं अर्धं घर. डाळिंबाचं दीड. आंब्याची साडेपाच. ११, ५, ३, १ हे चार विषम आकडे यादीत होते म्हणून हे सगळं करता आलं. सगळे सम आले असते तर ही अडचण झाकलीच गेली असती. तुमच्या वर्गाची माहिती तशी आली तर प्रमाण असं निवडा की निदान एकदोन खांब रेघांच्या मध्ये संपतील.

अर्ध्या घराला काही पोरं घाबरतात. "अर्धं पोरगं कसं आसंल?" हा प्रश्न खराच आला. अर्धं घर म्हणजे एक अख्खं मूल, हे दोनदा घरावर बोट ठेवून दाखवावं लागलं: घरात दोन मुलं बसतात, एकच बसलं तर अर्धं घर भरतं.

मग दोन्ही आलेख शेजारी लावले. लगेच आवाज, "आंब्याची मतं कमी झाली!" खांब ११ घरांवरून साडेपाचवर आला होता. मी म्हटलं, मग मोजा. बाजूचे आकडे वाचल्यावर दोन्हीकडे ११ च. प्रमाण लिहायचं ते कशाला, याचं कालचं उत्तर इथे मिळालं.

१३ फेब्रुवारी

काढणं झालं, आता वाचणं. १ घर = २ मुले या प्रमाणाचा आलेख भिंतीवर आणि तोंडी प्रश्न.

"कोणतं फळ सर्वांत जास्त?" सगळ्यांना येतं, यात काही नाही. "पेरूपेक्षा द्राक्षे किती जास्त मुलांना आवडतात?" इथे वर्ग फुटला. बरेच जण ८ म्हणाले, म्हणजे द्राक्षाचा आकडा नुसता वाचला. काही २ म्हणाले, कारण द्राक्षाचा खांब दोन घरांनी वर आहे आणि त्यांनी घरं मोजली. बरोबर उत्तर ४.

पहिल्यांसाठी उपाय: पट्टी पेरूच्या खांबाच्या डोक्यावर आडवी धरायची आणि पट्टीच्या वर द्राक्षाचा जेवढा तुकडा उरतो तेवढाच बघायचा. जास्त म्हणजे हा तुकडा. दुसऱ्यांना तो तुकडा बरोबर सापडला होता, फक्त घराचं मुलांत रूपांतर राहिलं होतं. त्यांच्याकडून प्रत्येक वेळी आधी प्रमाण मोठ्याने वाचून घेते. दोन्ही चुकांना एकच "पुन्हा बघ" सांगून उपयोग नाही, कारण चूक वेगळ्या जागी आहे.

नंतर एक वाक्य दिलं: "वर्गातल्या जास्त मुलांना आंबा आवडतो." बरोबर की चूक? आंब्याचा खांब उंच, म्हणून सगळे बरोबर म्हणाले. आंबा न लिहिणारे किती? ३२ वजा ११, म्हणजे २१. सर्वांत उंच खांब आणि अर्ध्याहून जास्त वर्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पोरांना नवीन होतं. दुसरं वाक्य: "पपई एकालाच आवडते." यावर पहिल्या दिवशी दोन फळांना हात वर करणाऱ्यांपैकीच एक पोरगा बोलला, "मला पपईबी आवडती, पर चिठ्ठीत आंबा लिवला." आलेख फक्त पहिली पसंती सांगतो, आवड-नावड नाही. हा प्रश्न मी आखलेला नव्हता, त्यामुळे त्याच्यावर तास संपला.

१७ फेब्रुवारी

शेवटचा तुकडा, परीक्षेसारखा. मी फळ्यावर तीच माहिती घेऊन आलेख काढला, पण तळाला ० ऐवजी ३ लिहिला आणि खांब एक घर एक मूल या प्रमाणात काढले. डाळिंब आणि पपई दिसेनासे झाले, पेरू एक घर, कलिंगड दोन घरं. विचारलं, "कलिंगड पेरूच्या दुप्पट मुलांना आवडतं, बरोबर?"

आधी बरेच होकार आले. मग पपईवाल्या आलेखाची ती मुलगी उठली आणि म्हणाली, तळ वाचा, तळाला तीन हाय. ५ आणि ४, फरक एकाच मुलाचा. त्यानंतर बाकीच्यांनी डाळिंब कुठे गेलं ते विचारायला सुरुवात केली.

लेखी कामात ३२ पैकी २७ जणांचे १ घर = २ मुले या प्रमाणाचे आलेख तळापासून बरोबर आहेत. तिघांचे अर्धे घर अजून चुकतं, त्यांना पुन्हा काडेपेट्या देणार आहे, यावेळी एका पेटीला दोन मुलं ठरवून. उरलेल्या दोघांनी तळाला अजूनही १ लिहिलाय. त्यांना पपईचाच खांब आधी काढायला बसवते.